विश्लेषण : फेस्ट रद्द झाला, तरी ‘५ दिवस बाकी’ कसे? शेड्यूल केलेल्या पोस्ट थांबत का नाहीत?

१५ मार्च २०२०, रविवार, सकाळचे नऊ. आमच्या कॉलेज फेस्टच्या इन्स्टाग्राम पानावर पिवळे पोस्टर झळकले : ‘५ दिवस बाकी. तयारी झाली ना?’ त्याच पानावर तेरा तास आधी, शनिवारी रात्री आठ वाजता, आम्हीच फेस्ट रद्द झाल्याचे जाहीर केले होते. ती सूचना आता पोस्टरच्या खाली गेली होती आणि कॉमेंटमध्ये एकच प्रश्न येत होता, ‘म्हणजे फेस्ट होणार आहे का?’

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमची सोशल मीडिया टीम सहा जणांची. संध्याकाळी कॉलेजचे कँटीन बंद झाले की बैठक माझगावच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात भरायची. खाली गोदी, डॉकयार्ड रोडला थांबणाऱ्या लोकल आणि कोणाच्या तरी मांडीवर लॅपटॉप. काउंटडाउनची सगळी आखणी तिथेच झाली. आता डिजिटल डेस्कवर शेड्यूल केलेल्या पोस्ट हाताळणे माझे रोजचे काम आहे, आणि तो आठवडा अजून आठवतो.

नेमके काय घडले होते?

फेस्ट २० आणि २१ मार्चला होता. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, ‘३० दिवस बाकी’ने सुरुवात झाली. परीक्षा आणि तालमींच्या गडबडीत रोज सकाळी कोण पोस्ट टाकणार, म्हणून सगळी पोस्टर एका रात्रीत तयार करून पुढच्या तारखांना लावून ठेवली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी क्रिएटर स्टुडिओ वापरला, ट्विटरसाठी ट्वीटडेक. बाहेरगावच्या कॉलेजांसाठी एक टेलिग्राम चॅनल होता, त्यावर आमच्यातल्या एकाने लिहिलेला बॉट रोज संदेश टाकत असे.

१३ मार्चला राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि १४ तारखेला शहरी भागातील शाळा-महाविद्यालये ३१ मार्चपर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्या संध्याकाळी आमचा फेस्ट रद्द झाला. आम्ही सूचना लिहिली, चारही ठिकाणी टाकली, प्रायोजकांना फोन केले. रात्री काही जण गावी जायला निघालेसुद्धा. लावून ठेवलेली पोस्टर कोणालाच आठवली नाहीत.

रद्द केल्यावरही पोस्ट का निघतात?

पोस्ट आपला फोन टाकतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शेड्यूलचे बटण दाबले त्याच क्षणी पोस्ट कंपनीच्या सर्व्हरवर गेलेली असते. फेसबुक पानाच्या पोस्टसोबत तिथे साधारण एवढेच नोंदवलेले असते :

```
published = false
scheduled_publish_time = 1584243000
```

हा लांबलचक आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. भारतीय वेळेत त्याचा अर्थ १५ मार्च २०२०, सकाळी नऊ. घड्याळ त्या आकड्यापर्यंत पोहोचले की पोस्ट बाहेर पडते. फेस्ट आहे की नाही, आदल्या रात्री त्याच पानावर काय लिहिले गेले, हे तपासण्याची सोय या नोंदीत नाही. तिला फक्त वेळ कळते. त्यामुळे फोन बंद ठेवला, ॲप काढून टाकले किंवा लॉगआउट केले, तरी फरक पडत नाही. फेसबुकच्या स्वतःच्या रांगेतली पोस्ट पासवर्ड बदलल्यानेही थांबत नाही, कारण तिला पुन्हा लॉगइन करायचेच नसते.

काउंटडाउनमध्ये आणखी एक गोम आहे. वाचकाला ती एकच मालिका दिसते, पण रांगेत प्रत्येक दिवस ही स्वतंत्र पोस्ट असते आणि ‘५’ हा आकडा चित्रातच रंगवलेला असतो. मालिका बंद करणारे एक बटण नसते. १४ तारखेच्या रात्री आमच्या प्रत्येक रांगेत अजून सहा पोस्ट उभ्या होत्या, पाचपासून शून्यापर्यंत.

एक रांग रिकामी केली, मग दुसरी कशी राहिली?

रविवारी सकाळी आम्ही घाईघाईत फोनवरून ते पोस्टर काढून टाकले आणि निश्चिंत झालो. सोमवारी नऊ वाजता ‘४ दिवस बाकी’ आले. निघालेली पोस्ट काढली म्हणजे तिच्या मागची निघत नाही, हे तेव्हा कळले. इन्स्टाग्रामच्या मोबाइल ॲपमध्ये त्या काळी क्रिएटर स्टुडिओची रांग दिसतच नसे. त्यासाठी लॅपटॉप हवा होता, आणि ज्या मुलीच्या लॅपटॉपवर लॉगइन होते ती नाशिकला पोहोचली होती.

तिने दुपारी रांग रिकामी केली. मंगळवारी फेसबुक शांत राहिले, इन्स्टाग्रामवर मात्र ‘३ दिवस बाकी’ आले. क्रिएटर स्टुडिओत वरच्या बाजूला फेसबुक आणि इन्स्टाग्राम अशी दोन चिन्हे होती आणि दोन्हींच्या याद्या वेगळ्या. तिने पहिली रिकामी केली, ‘काही शिल्लक नाही’ असे दिसले आणि तिला काम झाले असे वाटले. प्रत्येक रांग फक्त स्वतःपुरते सांगते. एका पडद्यावर यादी रिकामी दिसणे, हा दुसरीकडे काही उरले नसल्याचा पुरावा नसतो.

सूचना दिली होती, मग लोक गोंधळले कशाने?

बुधवारी, १८ मार्चला, पोस्टरवरच्या क्रमांकावर रत्नागिरीहून फोन आला. पथनाट्याच्या चमूतली नऊ मुले गुरुवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघून शुक्रवारी पहाटे दादरला उतरणार होती. परतीची तिकिटे रविवार, २२ तारखेच्या रात्रीची. फोन करणाऱ्या मुलाने सूचना वाचली होती. तो म्हणाला, ‘दादा, रद्द म्हणून वाचलं होतं. पण चॅनलवर रोज आकडा येतोय, आज दोन आला. म्हणजे परत ठरलंय ना?’

त्याचे चुकले नव्हते. सूचनेनंतर चॅनल गप्प राहिला असता, तर अर्थ स्पष्ट होता. पण नंतर आलेली पोस्ट ही नंतर घेतलेला निर्णय आहे, असेच कोणीही समजेल. पोस्ट महिनाभरापूर्वी लिहिलेली आहे, हे तिच्यावर कुठेच दिसत नाही. तिच्याखाली आजचीच तारीख आणि आजचीच वेळ असते.

मी त्याला निघू नका म्हणून सांगितले. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. २२ मार्चला जनता कर्फ्यू होता आणि त्याच दिवशी रेल्वेने ३१ मार्चपर्यंतच्या प्रवासी गाड्या बंद केल्या. ती नऊ मुले आली असती, तर मुंबईत अडकली असती.

त्याच सुमारास टोकियोत काय झाले, ते नोंदवण्यासारखे आहे. २४ मार्चला ऑलिम्पिक पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि टोकियो स्थानकासमोरचे काउंटडाउनचे घड्याळ उरलेले दिवस सोडून चालू तारीख-वेळ दाखवू लागले. नवी तारीख ठरल्यावर ३१ मार्चला त्यावर ४७९ दिवस आले. तिथे घड्याळ चौकात उभे होते आणि ते कोण थांबवणार हे ठरलेले होते. आमची घड्याळे चार ठिकाणी होती आणि त्यातले एक कुठे आहे हे मलाच माहीत नव्हते.

उणे दिवस कुठून आले?

ते घड्याळ म्हणजे टेलिग्रामचा बॉट. तो लिहिणारा मित्र सिंधुदुर्गातल्या गावी गेला होता, फोन लागत नव्हता. त्याने गुगल शीटला जोडलेली स्क्रिप्ट लिहिली होती आणि ती रोज सकाळी चालावी म्हणून ट्रिगर लावला होता. असा ट्रिगर लावणाऱ्याच्याच खात्यावर चालतो, शीटमधल्या इतरांना तो काढता येत नाही. चॅनलचा मालकही तोच. बॉटला ॲडमिनपदावरून हटवण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता. संदेश पुसण्याचा तेवढा होता.

मग रोज सकाळी मी फोन हातात धरून बसू लागलो. गुगलच्या ट्रिगरला ‘नऊ वाजता’ सांगितले, की तो नऊ ते दहामधली एखादी वेळ धरतो आणि साधारण तीच पाळतो. आमचा ९.३७ च्या आसपास यायचा. आला की पुसायचा. शुक्रवारी ‘० दिवस बाकी’ पुसले. शनिवारी मला उठायला उशीर झाला आणि चॅनलवर दुपारपर्यंत ‘-१ दिवस बाकी’ राहिले. त्याचा स्क्रीनशॉट आमच्या वर्गाच्या ग्रुपवरही फिरला.

स्क्रिप्टमधली ओळ अशी होती :

```
var left = Math.round((eventDate - today) / 86400000);
```

फेस्टच्या तारखेतून आजची तारीख वजा करायची आणि एका दिवसाच्या मिलिसेकंदांनी भागायचे. पोस्टरची रांग निदान शून्यावर संपते. हिशेब करणारी स्क्रिप्ट मात्र कुठे थांबायचे ते लिहिले नसेल, तर शून्याच्या खाली मोजत राहते. `if (left < 0) return;` एवढी एक ओळ असती, तर उणे आकडे आले नसते. रद्द झाल्यानंतरचे पाच, चार, तीन मात्र तिनेही थांबले नसते.

मग रद्द करताना क्रम काय असावा?

आधी रांगा रिकाम्या करायच्या, मग सूचना टाकायची. आम्ही उलटे केले. सूचना टाकल्यावर काम संपल्यासारखे वाटते आणि रांगेकडे कोणी पाहत नाही. त्यासाठी फेस्टच्या सुरुवातीलाच एका कागदावर लिहिलेले असावे : कोणत्या रांगा आहेत, कोणाच्या खात्यावर, शेवटची पोस्ट कोणत्या तारखेची आणि तो माणूस नसेल तर कोण थांबवेल. खात्री करायची तर सूचना टाकल्यानंतर पहिल्या शेड्यूलच्या वेळी प्रत्येक पान उघडून पाहावे. काही निघाले, तर कुठली तरी रांग शिल्लक आहे.

फेसबुकवर कार्यक्रमाचे ‘इव्हेंट’ पान असेल, तर ते रद्द केल्यावर येणाऱ्यांना सूचना जाते. पानावर शेड्यूल केलेल्या पोस्टशी त्याचा संबंध नसतो, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. क्रिएटर स्टुडिओची जागा आता मेटा बिझनेस सूटने घेतली आहे आणि त्यात दोन्हींचे शेड्यूल एका कॅलेंडरवर दिसते. बाहेरच्या साधनाच्या किंवा स्क्रिप्टच्या पोटात काय आहे, ते तिथेही कळत नाही.

आमचा बॉट रविवारी, २२ तारखेला थांबला. सकाळी ‘-२’ पुसल्यावर लक्षात आले, की ट्रिगर काढता येत नसला तरी शीट माझ्यासोबत शेअर केलेली आहे, आणि शीट बदलता येणाऱ्याला तिच्यातली स्क्रिप्टही बदलता येते. फंक्शनच्या पहिल्या ओळीवर `return;` लिहिले आणि सेव्ह केले. संध्याकाळी पाच वाजता माझगावच्या खिडक्यांमधून थाळ्या वाजत होत्या, तेव्हा सिंधुदुर्गहून मित्राचा फोन लागला. पहिला प्रश्न होता, ‘अरे, फेस्टचं काय झालं?’ ट्रिगर त्याने पुढे कधी काढला नाही. काढला नसेल, तर तो अजूनही रोज साडेनऊनंतर उठत असावा आणि पहिल्याच ओळीवरून परत जात असावा.