वीस मिनिटांची बुडी

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमधला समुद्र वर्षाचा बराच काळ गोठलेला असतो. दोन मीटर आणि त्याहूनही जाड बर्फाखाली तिथे वेडेल सील मासे पकडत फिरतात. सील हा सस्तन प्राणी, त्याला कल्ले नाहीत. श्वास घ्यायला त्याला बर्फातल्या एखाद्या भेगेशी किंवा भोकाशी परत यावेच लागते. ही भोके बुजू नयेत म्हणून तो आपल्या सुळ्यांनी बर्फ खरवडत राहतो, आणि म्हाताऱ्या सीलांचे सुळे झिजून गेलेले दिसतात.

जेराल्ड कूयमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात नेमक्या याच अडचणीचा उपयोग करून घेतला. आसपास दूरवर एकही भेग नाही अशी जागा त्याने निवडली, बर्फात एक भोक पाडले आणि सीलला तिथे आणून सोडले. सील हवा तितका वेळ, हवा तितका खोल जायला मोकळा होता, फक्त परत यायला दुसरी जागा नव्हती. त्यामुळे त्याच्या पाठीवर बांधलेले उपकरण हमखास परत मिळे. ते उपकरणही पाहण्यासारखे होते. स्वयंपाकघरात वापरतात तसल्या साठ मिनिटांच्या गजराच्या घड्याळाने काजळी धरलेली काचेची एक चकती फिरायची आणि पाण्याच्या दाबाने हलणारी सुई त्या काजळीवर खोलीची रेघ ओढायची. त्या रेघांवरून कळले की वेडेल सील ५०० मीटरच्याही खाली जातो. बहुतेक बुड्या मात्र पंधरा-वीस मिनिटांच्या आतच संपतात. कधी कधी तो तासभरसुद्धा वर येत नाही.

इतका वेळ तो कशावर काढतो? छातीत भरून घेतलेल्या हवेवर, असे उत्तर आपल्या मनात आधी येते, कारण पोहायला शिकताना आपण तेच करतो. वेडेल सील याच्या उलट करतो. बुडी मारण्याआधी तो बरीचशी हवा बाहेर सोडून देतो. साधारण २५ ते ५० मीटरवर पाण्याच्या दाबाने त्याची फुप्फुसे मिटतात आणि उरलेली हवा श्वासनलिकेच्या टणक भागात ढकलली जाते. तिथून ती रक्तात शिरू शकत नाही. हे त्याच्या फायद्याचेच आहे, कारण दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळला असता तर वर येताना त्याचे बुडबुडे झाले असते. पाणबुड्यांना होणारा हा जीवघेणा त्रास सीलला सहसा होत नाही. पण याचा अर्थ असाही की, त्याच्या एकूण ऑक्सिजनपैकी जेमतेम पाच टक्के फुप्फुसांत असतो. बाकीचा सगळा रक्तात आणि स्नायूंत असतो.

आधी रक्ताचे पाहू. माणसाच्या वजनात रक्ताचा वाटा सुमारे सात टक्के असतो, वेडेल सीलमध्ये तो चौदाच्या आसपास जातो. म्हणजे ४०० किलोच्या सीलमध्ये पन्नास लिटरहून अधिक रक्त असते. शिवाय ते दाट असते. आपल्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्के असते, बुडी मारलेल्या सीलच्या रक्तात ते साठच्या घरात पोहोचते. हे ‘बुडी मारलेल्या’ महत्त्वाचे आहे. बर्फावर लोळत पडलेल्या सीलचे रक्त इतके दाट नसते, कारण त्याच्या तांबड्या पेशींचा मोठा हिस्सा प्लीहेत साठवून ठेवलेला असतो. बुडीच्या पहिल्या दहा-बारा मिनिटांत प्लीहा आकसते आणि त्या पेशी रक्तात येतात. सदासर्वकाळ इतके दाट रक्त ढकलत राहणे हृदयाला जड गेले असते, म्हणून गरज असेल तेव्हाच ते दाट होते.

दुसरा साठा स्नायूंतला. रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखेच ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन नावाचे प्रथिन आपल्याही स्नायूंत असते, पण शंभर ग्रॅम स्नायूत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. वेडेल सीलच्या पोहण्याच्या स्नायूत ते पाच ग्रॅमहून अधिक असते. त्यामुळे त्याचे मांस लाल न दिसता काळपट दिसते. देवमाशांचेही तसेच. १९५८मध्ये जॉन केंड्र्यू यांनी एखाद्या प्रथिनाची त्रिमितीय रचना जगात पहिल्यांदा उलगडून दाखवली, ते प्रथिन स्पर्म व्हेलच्या स्नायूतले मायोग्लोबिनच होते. देवमाशाच्या मांसात ते विपुल मिळते, हे त्या निवडीमागचे एक साधे कारण.

इथे एक अडचण येते. एकच प्रथिन एवढ्या दाटीने कोंबले तर त्याच्या रेणूंचा गोळा व्हायला हवा, आणि गोळा झालेले प्रथिन निकामी. २०१३मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, खोल बुडणाऱ्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा अधिक धन विद्युतभार असतो. सारखाच भार असलेले रेणू एकमेकांना दूर सारतात, त्यामुळे दाटीतही ते सुटे राहतात. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण रेणूवरचा भार मोजून या प्राण्यांच्या नामशेष झालेल्या पूर्वजांना किती वेळ श्वास रोखता येत असेल याचाही अंदाज बांधता येऊ लागला.

आता खरा प्रश्न. साठे दोन आहेत, पण ते वापरायचे कसे? मायोग्लोबिन ऑक्सिजनला हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी घट्ट धरते. स्नायूंतून रक्त नेहमीसारखे वाहत राहिले तर स्नायू आपला साठा जपून ठेवतील आणि रक्तातलाच ऑक्सिजन ओढत राहतील. घरातल्या नळाला पाणी येत असेल तोवर भरून ठेवलेल्या पिंपाला कोणी हात लावत नाही, तसेच हे. सीलच्या दृष्टीने ही आपत्ती ठरेल. रक्तातला ऑक्सिजन संपला की मेंदू बंद पडेल, आणि स्नायूंतला साठा मात्र जवळपास तसाच राहील. मेंदूला मायोग्लोबिनचा काही उपयोग नाही. तो रक्तावरच जगतो.

म्हणून नळ बंद करावा लागतो. बुडी सुरू होताच सीलच्या स्नायूंकडे, मूत्रपिंडांकडे, आतड्यांकडे जाणाऱ्या धमन्या आकसतात आणि स्नायूंना स्वतःच्या साठ्यावर काम करणे भाग पडते. पण एवढ्या वाटा अरुंद झाल्यावर हृदय पूर्वीच्याच जोराने चालत राहिले तर रक्तदाब भलताच चढेल. त्यामुळे हृदय मंदावते. पृष्ठभागावर श्वास घेत असताना मिनिटाला साठच्या आसपास असलेले ठोके पाण्याखाली निम्म्यावर येतात आणि लांब बुडीत त्याहूनही खाली जातात. मंद हृदय हा केवळ काटकसरीचा उपाय, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. हृदयाचा स्वतःचा खर्च वाचतो हे खरेच, पण माझ्या मते त्याचे मोठे काम वाटपाचे आहे. ठोके आणि धमन्या मिळून ठरवतात की कोणता साठा कोणी, किती वेगाने वापरायचा. धमन्या फार आकसल्या तर स्नायूंतला ऑक्सिजन लवकर संपतो, कमी आकसल्या तर रक्तातला. दोन्ही साठे बरोबरीने संपत आले तरच बुडी सर्वांत लांब टिकते.

दोन ठोक्यांमध्ये कित्येक सेकंद गेले तरी मेंदूला रक्त अखंड मिळते, ते महाधमनीमुळे. सीलमध्ये ती हृदयातून निघतानाच फुगीर आणि लवचीक असते. ठोक्याबरोबर ती रक्ताने फुगते आणि पुढचा ठोका येईपर्यंत हळूहळू आकसत रक्त पुढे ढकलत राहते. उत्तरेकडच्या एलिफंट सीलमध्ये मिनिटाला तीन ठोक्यांचा वेगही नोंदला गेला आहे. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी उपसागरात एका निळ्या देवमाशाला चिकटवलेल्या यंत्राने मिनिटाला दोन इतका कमी वेग टिपल्याचे २०१९मध्ये प्रसिद्ध झाले.

ठोके मंदावतात हे तसे जुने ज्ञान. फ्रान्समध्ये पॉल बेर यांनी १८७०मध्ये पाण्यात धरलेल्या बदकांत ते पाहिले होते, आणि १९४०मध्ये नॉर्वेच्या पेर शोलांडर यांनी सीलांवर बारकाईने प्रयोग केले. सीलला फळीवर बांधून पाण्यात बुडवले की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठे, पण रक्तात ते दिसत नसे. वर काढल्यावर, स्नायूंकडचा रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताच, ते एकदम रक्तात उसळे. स्नायू खरोखरच वेगळे पाडले जातात, याचा तो पुरावा होता. पण बांधून बुडवलेल्या प्राण्याला आपण वर कधी येणार हे ठाऊक नसते, म्हणून त्याचे शरीर सर्वांत वाईटाची तयारी करते. मोकळ्या सीलमध्ये चित्र सौम्य दिसले. शिवाय जी बुडी लांब ठरली, तिच्यात ठोके सुरुवातीपासूनच अधिक मंद असत, आणि वर यायच्या थोडे आधी ते वाढू लागत. म्हणजे किती वेळ जायचे, याचा काही अंदाज सील निघतानाच बांधत असावा.

ही मर्यादा नेमकी किती, हे कूयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०मध्ये भोकावर परतलेल्या सीलांचे रक्त तपासून सांगितले. वीस मिनिटांपर्यंतच्या बुडीनंतर रक्तातले लॅक्टेट वाढलेले नसे. वीस-पंचवीस मिनिटांपुढे ते चढू लागे, आणि बुडी जितकी लांब तितके जास्त. हा आकडा कागदावरही जुळतो. वेडेल सीलकडे वजनाच्या दर किलोमागे सुमारे ८७ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, माणसाकडे वीसच्या आसपास. ४०० किलोच्या सीलकडे म्हणजे जवळजवळ ३५ लिटर. पाण्याखाली तो किलोमागे मिनिटाला चार-सव्वाचार मिलिलिटर खर्च करतो. भागाकार केला की वीस मिनिटे येतात.

मग तासाभराच्या बुड्या कशा होतात? उधारीवर. साठा संपत आला की स्नायू ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढतात आणि लॅक्टिक आम्ल साचत जाते. त्याची परतफेड वर येऊन करावी लागते. ते आम्ल निस्तरेपर्यंत सील भोकाशी श्वास घेत पडून राहतो, आणि तासाभराच्या बुडीनंतर ही विश्रांती बुडीहूनही लांबते. पिल्लांना तर एवढी उधारीही झेपत नाही. जन्मतः त्यांच्या स्नायूंत मायोग्लोबिन थोडेच असते आणि ते महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या बुड्या आखूड असतात.

मोठा सीलही ही उधारी सहसा करत नाही. हिशेब साधा आहे. पंधरा मिनिटांची बुडी आणि वर चार-पाच मिनिटे श्वास, असे केले तर दोन तासांत सहा बुड्या होतात आणि शिकारीला दीड तास मिळतो. एकच तासभराची बुडी मारली तर उरलेला तास विश्रांतीत जातो आणि शिकारीला एक तासच मिळतो. त्यामुळे वेडेल सीलच्या बहुतेक सगळ्या बुड्या वीस मिनिटांच्या आतल्याच असतात. लांब बुडी तो राखून ठेवतो ती बर्फाखाली नवे भोक शोधायला दूर जायचे असेल तेव्हासाठी.