टबचे अडकलेले बूच

आंघोळीच्या टबचे बूच वर येत नाही तेव्हा हात आपोआप ते ओढू लागतो. ओढून ते क्वचितच निघते, कारण अमेरिकी घरांतली बहुतेक बुचे नुसती भोकात बसवलेली नसतात. ती आट्यांवर फिरवून घट्ट केलेली असतात. निचऱ्याच्या तोंडात, बोटभर खाली, पितळेची एक फुली असते. तिच्या मधोमध आटे पाडलेले भोक असते आणि त्यात एक दांडी उभी असते. बूच या दांडीवर बसते. त्यामुळे बूच काढायचे म्हणजे ते दांडीला कशाने धरून ठेवले आहे, हे आधी शोधायचे.

धरून ठेवण्याच्या दोन पद्धती नेहमी दिसतात. पहिलीत बुचावरची टोपी किंवा मूठ दांडीच्या आट्यांवर फिरवून बसवलेली असते. पायाच्या अंगठ्याने दाबले की बंद आणि पुन्हा दाबले की उघडणारी बुचे बहुधा अशी असतात. दुसरीत मुठीच्या मानेला, बाजूने, एक बारीक स्क्रू असतो आणि तो मुठीला दांडीशी जखडून ठेवतो. उचलून फिरवायच्या बुचात हा प्रकार बराच आढळतो. दोन्ही बुचे वरून सारखीच चकचकीत दिसतात, म्हणून ओळख पटते ती हाताला. एका हाताने बूच स्थिर धरून दुसऱ्या हाताने मूठ डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावी. मूठ सैल होत वर येऊ लागली, तर ती आट्यांची. वर न येता नुसती गोल फिरत राहिली किंवा जागची हललीच नाही, तर स्क्रू शोधावा.

त्याआधी टबमध्ये पाणी साठले असेल तर ते तांब्याने उपसून काढावे. बुचाच्या वर पाणी आणि खाली पाइपातली हवा, अशा स्थितीत पाण्याचा सगळा भार बुचावरच येतो. पाच सेंटीमीटर व्यासाच्या बुचावर तीस सेंटीमीटर पाणी असेल, तर हा भार सुमारे सहाशे ग्रॅम होतो. आकडा फार मोठा नाही, पण ओल्या, साबणाने निसरड्या झालेल्या मुठीवर बोटांची पकड तेवढ्यानेही सुटते. पाणी उपसले की वरचा भाग कोरडा पुसावा आणि रबरी हातमोजे घालावेत. अनेक बुचे एवढ्यानेच सुटतात.

आता एका जुन्या अपार्टमेंटमधला टब घेऊ. बूच उचलून फिरवायचे आहे, बंद स्थितीतच अडकले आहे आणि मूठ जागची हलत नाही. मुठीखाली तिची बारीक मान दिसते, बुचाच्या पृष्ठभागापासून जेमतेम काही मिलिमीटर वर. टॉर्च आडवा धरून मानेभोवती सगळीकडून पाहिले की एका ठिकाणी राखाडी डाग दिसतो. तो डाग नसतो. स्क्रूच्या डोक्यातला खळगा साबणाच्या राड्याने आणि क्षारांनी भरून आलेला असतो. त्यात चावी घालण्याआधी तो साफ करणे, हेच या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल. जुना दातघासणीचा ब्रश कोमट व्हिनेगरमध्ये बुडवून तिथे घासावा, व्हिनेगरचा बोळा पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, मग सुईने खळगा कोरावा. जड पाण्यातला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. बुडबुडे दिसले तर काम चालू आहे असे समजावे. नंतर पाण्याने नीट धुवावे, कारण आम्ल फार वेळ राहिले तर मुलामा काळवंडतो. व्हिनेगरबरोबर ब्लीच मात्र अजिबात वापरू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

खळगा षटकोनी असेल तर ॲलन की लागते. अमेरिकी बुचांत हे माप इंचांत असते, अनेकदा एक अष्टमांश इंच, म्हणजे 3.175 मिलिमीटर. घरात असलेली 3 मिलिमीटरची की आत जाते खरी, पण किंचित ढिली बसते. जोर लावला की ती कडा गोल करते आणि मग योग्य कीसुद्धा पकड घेत नाही. स्क्रू पूर्ण काढायचीही गरज नसते. एक-दोन फेऱ्या डावीकडे दिल्या की मूठ सुटते. पूर्ण निघालाच, तर तो थेट पाइपात पडेल. त्यासाठी बुचाभोवती ओला रुमाल पसरून ठेवावा. कडा आधीच घासल्या असतील, तर की आणि खळगा यांच्यामध्ये रबरबँडचा तुकडा दाबून हलकेच फिरवून पाहावे.

मूठ आणि बूच निघाले की फुलीत उभी असलेली दांडी उरते. तिच्या डोक्यावर बहुधा आडवी खाच असते. खाचेत नेमका बसणारा, रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर घालून तीही डावीकडे फिरवावी. दांडीला गुंडाळलेले केस हेच पुष्कळदा बूच अडकण्याचे खरे कारण असते. ते सगळे पक्कडीने ओढून काढावेत, पाइपात ढकलू नयेत.

अंगठ्याने दाबायचे बूच वेगळ्या कारणाने अडकते. त्याच्या आतली स्प्रिंगची खटकी क्षारांनी जाम झाली की दाबूनही बूच वर येत नाही, आणि वर न आल्याने टोपी धरायला कडाच मिळत नाही. अशा वेळी पृष्ठभाग कोरडा करून जाड चिकटपट्टीचा लूप वर घट्ट बसवावा, आणि ओढत असतानाच डावीकडे पीळ द्यावा. बूच थोडेसे वर आले तरी पुरे. खाली दिसणारी दांडी पक्कडीत, मध्ये फडके घालून, स्थिर धरता येते आणि टोपी फिरवता येते. दांडी धरली नाही, तर दोन्ही एकत्र फिरत राहतात आणि काही सुटत नाही. भारतात बेसिनला बसवलेल्या दाबून उघडायच्या बुचांचेही बरेचदा असेच असते.

स्क्रूड्रायव्हर टबच्या काठावर टेकवून बूच उचकटण्याचा मोह होतो. ॲक्रिलिकचा टब त्याने तडकतो आणि लोखंडी टबवरचा इनॅमलचा थर टवका होऊन निघतो. या दोन्हींची दुरुस्ती बुचाच्या किमतीपेक्षा किती तरी महाग पडते. मूठ किंवा दांडी फिरवताना निचऱ्याभोवतीची चकचकीत कडीच फिरू लागली, तर तिथेच थांबावे. त्या कडीखालचा प्लंबर पुट्टीचा सील सुटू लागलेला असतो, आणि गळती टबमध्ये न दिसता खालच्या मजल्याच्या छतावर दिसते. भाड्याच्या घरात असे झाले तर प्लंबरला बोलवायला घरमालकालाच सांगावे.

नवी दांडी किंवा बूच आणताना जुने बरोबर न्यावे. दांड्यांच्या आट्यांची दोन मापे सर्रास दिसतात, पाच सोळांश इंच आणि तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण 8 आणि 9.5 मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारख्याच वाटतात. बसवताना दांडी आधी नुसत्या बोटांनी फिरवावी. पहिल्या दोन फेऱ्या सहज गेल्या नाहीत, तर आटे वाकडे लागले आहेत असे समजून उलट फिरवून पुन्हा सुरुवात करावी. बुचाखालच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात द्यावा, व्हॅसलीन नव्हे, कारण त्याने काही प्रकारचे रबर फुगते. शेवटी टबमध्ये चार बोटे पाणी भरून, पातळीला पेन्सिलने खूण करून, पंधरा मिनिटांनी पाहावे. पातळी उतरली असेल तर दांडी आणखी अर्धी फेरी खाली घ्यावी.