रंगावरून कळते सांडपाण्यातले क्रोमियम. पण रेषेबाहेरचा आकडा फसवतो!

छत्रपती संभाजीनगर : वाळूज औद्योगिक वसाहत वाहन उद्योगासाठी ओळखली जाते. वाहनांच्या सुट्या भागांना चकाकी आणि टिकाऊपणा देण्यासाठी क्रोम प्लेटिंग करतात. त्या धुण्याच्या पाण्यात विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम उतरते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. मग हे प्रमाण मोजतात कसे?

रंगाची रेषा कशी तयार होते?
नमुना सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात डायफिनाइल कार्बाझाइड टाकले की जांभळट लाल रंग येतो. पाच ते दहा मिनिटांनी कलरीमीटरवर ५४० नॅनोमीटरच्या हिरव्या फिल्टरने रीडिंग घेतात. क्रोमियम जितके जास्त, तितका रंग गडद आणि प्रकाशाचे शोषण, म्हणजे अब्सॉर्बन्स, जास्त.

आधी पोटॅशियम डायक्रोमेटपासून ठरलेल्या प्रमाणाची द्रावणे करतात. समजा, ०.२, ०.४, ०.६ आणि ०.८ मिलिग्रॅमच्या द्रावणांची रीडिंग ०.१४, ०.२८, ०.४३ आणि ०.५६ आली. आलेखावर हे बिंदू जवळपास सरळ रेषेत बसतात. एका मिलिग्रॅममागे चढ सुमारे ०.७०. म्हणून अज्ञात नमुन्याच्या रीडिंगला ०.७० ने भागले की प्रमाण मिळते.

गडबड कुठे होते?
समजा, प्रक्रियेआधीचे पाणी थेट तपासले आणि रीडिंग १.४२ आले. रेषा पुढे ओढली तर उत्तर २ मिलिग्रॅम निघते. मात्र रेषा ०.८ पर्यंतच तपासलेली आहे. रंग फार गडद झाला की यंत्रातला भरकटलेला प्रकाश रीडिंग वाढू देत नाही, रसायनही अपुरे पडू शकते. रेषा वरच्या टोकाला वाकते.

तोच मूळ नमुना रंग आणण्याआधी दहापट पातळ केला आणि रीडिंग ०.३५ आले, तर ०.३५ भागिले ०.७० म्हणजे ०.५, दहाने गुणले की ५ मिलिग्रॅम. दोन मिलिग्रॅम धरून सोडियम बायसल्फाइट टाकले असते, तर निम्म्याहून अधिक क्रोमियम तसेच राहिले असते. रंग आलेले द्रावण नंतर पातळ करून चालत नाही, कारण अपुऱ्या रसायनाची तूट त्याने भरून निघत नाही.

प्रक्रियेनंतर काय पाहायचे?
०.१ मिलिग्रॅमला रीडिंग फक्त ०.०७ येते. तिथे ०.०१ चा फरकही उत्तर सुमारे १४ टक्क्यांनी हलवतो. त्यामुळे गढूळ पाणी आधी गाळावे लागते आणि रसायन न टाकलेल्या त्याच नमुन्याचे रीडिंग वजा करावे लागते. मर्यादेच्या आसपास निर्णय घ्यायचा असेल, तर ०.०५, ०.१ आणि ०.२ मिलिग्रॅमच्या द्रावणांची वेगळी रेषा काढणे योग्य.