एकटी स्लाइड पुढे गेली तरी

इन्स्टाग्रामवर बोटाने एकामागून एक सरकवत बघायच्या चित्रांच्या मालिकेला कॅरॉसेल म्हणतात. जिममधले ट्रेनर व्यायामाच्या टिप्स हल्ली याच रूपात देतात. पहिल्या चित्रावर मोठा मथळा, मग एकेका स्लाइडवर एकेक व्यायाम, आणि शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात ‘काही त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या’. ही रचना इतकी रुळली आहे की तिच्यातली चूक सहसा कुणाला खटकत नाही. लोक सगळी मालिका बघतच नाहीत. कुणीतरी मधल्याच स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि ‘रोज ५० स्क्वॉट्स’ एवढंच वाचून साठीतली मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करते. पहिली स्लाइड न उघडता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम पुढच्या वेळी तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासूनही दाखवतं. म्हणून प्रत्येक स्लाइड एकटीच कुणाच्या हाती पडली तरी तिच्यामुळे इजा होऊ नये, हा माझ्या मते अशा पोस्टचा पहिला नियम.

उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका ट्रेनरला चाळिशी-पन्नाशीतल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या लोकांसाठी कॅरॉसेल करायचा आहे. विषय खुर्चीवरून उठ-बस. साधनं लागत नाहीत, मांड्या आणि नितंबांचे स्नायू कामाला लागतात, आणि जमिनीवरून किंवा बसच्या सीटवरून उठताना या ताकदीचा रोज उपयोग होतो.

पहिला मोह मथळ्यातच येतो. ‘१० दिवसांत ५ किलो कमी’ असं लिहिलं की लोक थांबतात. हा दावा हिशेबात बसवून बघा. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे पाच किलोच्या ३८,५०० झाल्या. दहा दिवसांत त्या संपवायच्या तर रोज ३,८५० कॅलरींची तूट हवी. बैठं काम करणारा माणूस दिवसभरात सगळ्या मिळून साधारण दोन हजारांच्या आसपास कॅलरी खर्च करतो. त्याने अन्नाला स्पर्श केला नाही तरी हे गणित जुळत नाही. एकदम खाणं कमी केल्यावर काटा पहिल्या आठवड्यात झपाट्याने खाली येतो तो मुख्यतः पाण्यामुळे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरली जाते, तिच्याबरोबरचं पाणीही निघून जातं आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की दोन्ही परत येतात. ‘पोटाची चरबी घालवणारे व्यायाम’ हाही मथळा असाच खोटा, कारण ज्या भागाचा व्यायाम करू त्याच भागाची चरबी जळेल अशी सोय शरीरात नाही. म्हणून आपल्या ट्रेनरने लिहावं: ‘खुर्चीवरून उठ-बस: पायांत ताकद येण्यासाठी, पहिल्यांदाच व्यायाम करणाऱ्यांना’. यात जे मिळतं तेच सांगितलं आहे.

दुसरी स्लाइड खुर्चीची. बहुतेक ट्रेनर ती गाळतात आणि घरातले अपघात तिथेच होतात. चाकांची ऑफिसची खुर्ची मागे पळते, हलकी प्लॅस्टिकची खुर्ची टाइल्सवर सरकते. खुर्ची चार पायांची, भक्कम आणि पाठीमागे भिंतीला टेकवलेली हवी. बैठकीची उंची गुडघ्याइतकी असावी. पायांत मोजे नकोत. याच स्लाइडवर हेही लिहावं की नुकतंच ऑपरेशन झालं असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल किंवा गुडघ्याला सूज असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरी स्लाइड खरी कृती सांगते. खुर्चीच्या पुढच्या भागावर बसायचं, पावलं कमरेइतक्या अंतरावर ठेवायची आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्यायच्या. छाती पुढे झुकवत श्वास सोडत उठायचं, मग तीन आकडे मोजत हळू बसायचं. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून ‘उठताना श्वास सोडा’ हे शब्द कृतीच्या ओळीतच हवेत. गुडघे आत एकमेकांकडे झुकत असतील तर पाय चुकतोय असं समजावं. ते पायाच्या बोटांच्या दिशेने राहायला हवेत. ‘गुडघा बोटांच्या पुढे जाताच कामा नये’ हा नियम मात्र सरसकट देऊ नये. जिना चढउतार करताना तो पुढे जातोच, आणि या भीतीने लोक कंबर विचित्र वाकवतात. चुकीच्या पद्धतीचा फोटो लाल फुली मारून देण्याची पद्धतही मला धोक्याची वाटते. स्क्रीनशॉटमध्ये फुली कापली गेली की तोच फोटो बरोबर म्हणून फिरतो.

किती करायचं? आठ-आठचे दोन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटच्या उठण्याला ‘अजून दोन-तीन जमली असती’ असं वाटावं, इतकाच जोर ठेवायचा. सगळ्यांना एकच आकडा देणाऱ्या पोस्टपेक्षा ही खूण कितीतरी उपयोगी आहे, कारण तिशीतल्या आणि पासष्टीतल्या माणसाला ती आपापल्या ताकदीपर्यंत नेते. जड जात असेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी किंवा हातांचा आधार घ्यावा. सोपं झालं की हात छातीवर बांधून तेच आणखी सावकाश करावं.

दुखण्याबद्दल एक वेगळी स्लाइड हवीच. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड होणं, जिना उतरताना ओढ बसणं नेहमीचं आहे आणि ते दोन-चार दिवसांत ओसरतं. सांध्यात टोचल्यासारखी कळ येणं, सूज येणं किंवा पाय अचानक लचकणं यात मोडत नाही. तिथे व्यायाम थांबवायचा. छातीत दाब येणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, घाम फुटणं, चक्कर येणं यांपैकी काही झालं तर ताबडतोब थांबून तातडीची वैद्यकीय मदत घ्यायची. यातली एक ओळ, ‘छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा’, व्यायामाच्या प्रत्येक स्लाइडच्या तळाशी ठळक अक्षरात असावी.

फोनवर वाचताना जोडाक्षरं लवकर बुजतात, त्यामुळे एका स्लाइडवर पंचवीस-तीस शब्दांपेक्षा जास्त नकोत. उरलेलं खालच्या मजकुरात लिहावं. तिथेच ट्रेनरने आपलं प्रशिक्षण कोणतं आणि कोणत्या संस्थेचं ते सांगावं. भारतात जाहिरात मानक परिषदेने आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्यांबद्दल ठरवून दिलेल्या गोष्टींत आपली पात्रता उघड करणंही येतं. पोस्टमध्ये प्रोटीन पावडरचं नाव पैसे घेऊन आलं असेल तर तेही उघड लिहावं लागतं.

शेवटच्या स्लाइडवर आधीचा-नंतरचा फोटो टाकण्याचा मोह टाळावा. प्रकाश, श्वास आणि उभं राहण्याची पद्धत बदलली की एकाच दिवशी दोन वेगळी पोटं दिसतात. त्याऐवजी वाचकाला त्याचा स्वतःचा आकडा मिळवून द्यावा. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं आणि तारखेसह लिहून ठेवायचं. सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच सुमारास पुन्हा मोजायचं. पहिल्यांदा हाताचा आधार घ्यावा लागला असेल तर तसं शेजारी लिहावं, कारण आधाराशिवायचं एक उठणंही त्या माणसासाठी प्रगतीच असते.