सत्रातील शिकवण्याचे आठवडे

ज्या घरातील मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयात जाते, त्या घरी सत्राअखेर एक तक्रार बहुधा ऐकू येते: ‘अमुक विषयाचा भाग शिकवूनच झाला नाही.’ दोष कधी अध्यापकाच्या माथी येतो, कधी विद्यार्थ्याच्या. परंतु पुष्कळदा ही तूट सत्राच्या पहिल्याच दिवशी दिनदर्शिकेत दिसत असते. ती मोजावयाची कोणी तसदी घेत नाही, इतकेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी वर्षाच्या ५२ आठवड्यांची वाटणी दिली होती. सहा दिवसांचा आठवडा धरून अध्यापनास ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस. प्रवेश व परीक्षा यांस १०. दीर्घ सुट्यांस १०. आणि सार्वजनिक सुट्यांस २. दोन सत्रांत वाटल्यास प्रत्येक सत्राच्या वाट्यास अध्यापनाचे १५ आठवडे, म्हणजे ९० दिवस येतात. आता प्रत्यक्ष हिशेब कसा उतरतो, ते पाहू.

जत येथील महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. त्याचे प्रत्यक्ष वेळापत्रक न घेता आम्ही उदाहरणादाखल एक सत्र कल्पिले आहे; सणांचे वार मात्र २०२४ सालचे खरे आहेत. सत्र सोमवार, १ जुलै ते शनिवार, २ नोव्हेंबर. येथे पहिली फसगत होते. एका तारखेतून दुसरी वजा केली की १२४ दिवस येतात, आणि सातांनी भागता १७ आठवडे पूर्ण होऊन काही दिवस उरतात. पण दोन्ही टोकांचे दिवस सत्रातलेच आहेत आणि शेवटच्या शनिवारचा रविवारही त्याच आठवड्याचा आहे. म्हणून दिनदर्शिकेतील सोमवारांवर बोट ठेवून मोजणे हीच सोपी रीत. सोमवार १८ भरतात, आठवडे अठरा.

आता वजाबाकी. अंतर्गत परीक्षा १२ ते १७ ऑगस्ट, हा एक आठवडा. सत्रान्त परीक्षा १४ ते २६ ऑक्टोबर, हे दोन. गणेशोत्सवाच्या सुटीचा आठवडा ९ ते १४ सप्टेंबर आणि दिवाळीचा २८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. एकूण पाच गेले, उरले तेरा. १५ ऑगस्टची सुटी परीक्षेच्या आठवड्यातच पडली. तो आठवडा आधीच वजा झालेला असल्याने ती पुन्हा वजा करावयाची नाही. लक्ष्मीपूजनाचेही तसेच. एकच दिवस दोनदा कापणे ही या हिशेबातील नेहमीची चूक होय.

तेरा आठवड्यांचे दिवस ७८. परंतु सुटे सण राहिलेच आहेत: बुधवार १७ जुलै मोहरम, शनिवार ७ सप्टेंबर गणेश चतुर्थी, सोमवार १६ सप्टेंबर ईद-ए-मिलाद, बुधवार २ ऑक्टोबर गांधी जयंती, शनिवार १२ ऑक्टोबर दसरा. हे पाच दिवस जाऊन ७३ राहतात, म्हणजे बारा आठवडे आणि एक दिवस. नव्वदांस सतरा कमी.

नियमावलीच्या कागदावर सार्वजनिक सुट्या ‘२ आठवडे’ दिसतात; प्रत्यक्षात त्या आठवड्याने येत नाहीत, एकएकट्या येतात आणि ठराविक वारांवर पडतात. आमच्या उदाहरणात मंगळवार, गुरुवार व शुक्रवार प्रत्येकी तेरा लाभले, सोमवार बारा. बुधवार आणि शनिवार मात्र अकराच. एका विषयाचे तास मंगळवारी व गुरुवारी असतील तर त्यास २६ तास मिळतील. दुसऱ्याचे बुधवारी व शनिवारी असतील तर २२. दोघांचा अभ्यासक्रम सारखाच, अध्यापकही सारखेच दक्ष. तरी दुसऱ्याचे चार तास, म्हणजे दोन आठवड्यांचे शिक्षण, सणांनी नेले. सत्राअखेर घाईने उरकला जाणारा विषय तो हाच.

यास्तव गृहस्थांनी आठवडे मोजून थांबू नये. पाल्याच्या वेळापत्रकातील वार घेऊन प्रत्येक विषयाचे तास वेगळे मोजावेत. ज्यास तूट दिसेल त्याचे शेवटचे प्रकरण गणपतीपूर्वीच घरी वाचावयास घ्यावे, आणि जादा तासांविषयी अध्यापकांस त्याच वेळी विचारावे. ऑक्टोबरात विचारून उपयोग नाही.

दुसऱ्या सत्रास जतकरांनी आणखी एक रकाना ठेवावा. मार्गशीर्षात येथे श्री यल्लमादेवीची यात्रा भरते. तिथी चांद्रमासाची असल्याने तारीख व वार दरवर्षी बदलतात. म्हणून गतवर्षाचा हिशेब यंदा उपयोगी पडत नाही. दिनदर्शिका हाती आली की तो नव्याने मांडावा.