मॉनिटरवरची रेंगाळणारी सावली आणि उलटी कड

एलसीडी मॉनिटरवर एखादी वस्तू वेगाने सरकली की कधी तिच्यामागे पुसट सावली रेंगाळते, तर कधी पार्श्वभूमीहून वेगळीच उजळ किंवा काळपट कड उमटते. पहिल्या दोषाला घोस्टिंग म्हणतात, दुसऱ्याला ओव्हरशूट. घोस्टिंगमध्ये पिक्सेल नव्या छटेपर्यंत वेळेत पोहोचलेला नसतो. ओव्हरशूटमध्ये तो त्या छटेच्या पुढे निघून गेलेला असतो. गेमिंग मॉनिटरच्या मेनूतली एकच सेटिंग या दोन्ही दोषांवर परिणाम करते. एक कमी करायला जावे तर दुसरा डोके वर काढतो, म्हणून नेमके कुठे थांबायचे हे समजून घ्यावे लागते.

एलसीडीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर असतो. विद्युतदाब बदलला की त्यातले रेणू वळतात आणि मागच्या दिव्याचा कमी-अधिक उजेड बाहेर सोडतात. हे वळणे क्षणात होत नाही, त्याला काही मिलिसेकंद लागतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर दर ६.९ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते. समजा, एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला पिक्सेलला १२ मिलिसेकंद लागतात. मग पहिला बदल पुरा होण्याआधीच दुसरे चित्र येऊन धडकते आणि जुन्या चित्राचा अंश पडद्यावर उरतो. हेच घोस्टिंग. गंमत अशी की काळ्यावरून पांढऱ्यावर जाण्यापेक्षा जवळच्या दोन करड्या छटांमधला बदल पुष्कळदा जास्त वेळ खातो, कारण विद्युतदाबातला फरक थोडा असला की रेणूंना मिळणारा रेटाही थोडाच असतो.

यावर काढलेला उपाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह. जड दार पटकन उघडायचे तर सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त जोर लावावा लागतो, तसा मॉनिटर पिक्सेलला आधी लक्ष्यापेक्षा जास्त विद्युतदाब देतो आणि पुढच्या चित्राच्या वेळी तो नेमक्या पातळीवर आणतो. दाब कमी करायचा असेल तर लक्ष्याहूनही कमी दिला जातो. कोणत्या छटेवरून कोणत्या छटेवर जाताना किती जादा रेटा द्यायचा, याचा तक्ता मॉनिटरमध्ये साठवलेला असतो. मेनूतली पायरी बदलली की या रेट्याची तीव्रता बदलते. तो जास्त झाला की पिक्सेल लक्ष्य ओलांडतो आणि ओव्हरशूट दिसू लागते.

खोक्यावर छापलेला ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा बहुधा सर्वांत तीव्र पायरीवर मिळवलेला असतो. शिवाय रूढ पद्धतीत बदलाच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचाच वेळ मोजतात. त्यानंतर पिक्सेल किती पुढे घसरला, हे त्या आकड्यात येतच नाही. म्हणूनच सर्वांत वेगवान पायरी डोळे मिटून निवडणे चुकीचे ठरते.

कोणता दोष आहे, हे गडद वस्तू मध्यम करड्या पार्श्वभूमीवरून सरकवली की लगेच कळते. वस्तू पुढे गेली की तिच्यामागचे पिक्सेल गडदवरून करड्यावर येत असतात. ते मागे रेंगाळले तर वस्तूमागे गडद डाग लांबतो. ते पुढे गेले तर तिथे पार्श्वभूमीपेक्षाही उजळ कड दिसते. वस्तू फिकट असेल तर हे चित्र नेमके उलटे होते. सावली वस्तूच्याच छटेची असेल तर रेटा कमी पडतो आहे, विरुद्ध छटेची असेल तर तो जास्त झाला आहे. या एका खुणेवर पुढची सगळी निवड अवलंबून असते.

ही सेटिंग कुठे Response Time, कुठे Overdrive, तर कुठे AMA किंवा Trace Free या नावाने असते. उदाहरणादाखल १४४ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर घेऊ, ज्यात Off, Normal, Fast आणि Faster अशा चार पायऱ्या आहेत. तपासणीआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा, कारण थंड स्फटिक संथ वळतात आणि निकाल फसवा येतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खरोखर १४४ हर्ट्झ निवडले आहे ना, तेही पाहावे. नवा मॉनिटर ६० वरच चालू राहिल्याचे प्रकार बरेच घडतात. मग ब्राउझरमध्ये testufo.com उघडावे आणि सरकणाऱ्या तबकडीचा नजरेने पाठलाग करावा. नजर एका जागी खिळवून ठेवली तर फरक नीट कळत नाही.

Off वर तबकडीमागे लांब पुसट सावली दिसेल. Normal वर ती आखडेल, Fast वर जवळजवळ नाहीशी होईल आणि Faster वर तिच्या जागी विरुद्ध छटेची ठळक कड येईल. अशा वेळी १४४ हर्ट्झसाठी Fast ही योग्य पायरी. सोपा नियम असा की पायरी एकेक वाढवत जावी आणि उलटी कड दिसताच एक पाऊल मागे यावे. दोन पायऱ्यांत निवड अडली तर थोडी सावली पत्करावी. उलटी कड मूळ चित्रात नसलेला उजेड दाखवते, त्यामुळे ती डोळ्यांना जास्त खुपते.

मात्र ही निवड त्या रिफ्रेश रेटपुरतीच खरी असते. जादा रेटा साधारणपणे पुढचे चित्र येईपर्यंत टिकतो. १४४ हर्ट्झवर तो ६.९ मिलिसेकंद टिकतो, तर ६० वर १६.७. तेवढाच जोर दुपटीहून जास्त वेळ लागला तर पिक्सेल लक्ष्य ओलांडणारच. व्हेरिएबल रिफ्रेश रेट चालू असेल आणि जड गेममध्ये वेग ६० पर्यंत उतरत असेल, तर १४४ वर निर्दोष वाटलेली Fast पायरी तिथे कडा उमटवू लागते. एनव्हिडियाचे जी-सिंक मॉड्यूल बसवलेले मॉनिटर वेगानुसार रेटा आपोआप बदलतात. इतर अनेक मॉनिटरांत ही सोय नसते. तिथे गेममध्ये वेगमर्यादा ६० लावून पुन्हा पाहावे आणि ज्या वेगावर खेळण्याचा बहुतेक वेळ जातो, त्याला जमणारी पायरी ठेवावी. वरच्या उदाहरणात खेळ ७०-८० च्या आसपास चालत असेल तर Normal बरी. ६० हर्ट्झवर चालणारा कन्सोल जोडला असेल तर त्याच्यासाठी वेगळी पायरी लागू शकते.

व्हीए पॅनेलची अडचण वेगळी आहे. काळ्यातून गडद करड्यावर येताना त्यातले रेणू फार हळू हलतात, म्हणून अंधाऱ्या दृश्यात काळपट फरफट दिसते. रेटा वाढवत नेला तर ती फरफट थोडी कमी होते, पण तोवर इतर छटांत उलट्या कडा आलेल्या असतात. काही मॉडेलांत एकही पायरी दोन्ही दोष घालवत नाही.

सगळी अस्पष्टता या सेटिंगने जातही नाही. पिक्सेल क्षणात बदलला तरी चित्र पुढच्या चित्रापर्यंत जागेवर स्थिर राहते आणि नजर मात्र पुढे सरकत असते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर १६ पिक्सेल फरपटलेली दिसते, १४४ वर सुमारे ७. ही फरफट रिफ्रेश रेट वाढवल्यानेच किंवा मागचा दिवा लुकलुकवणाऱ्या मोडने कमी होते. शिवाय काही गेम कडा मऊ करण्यासाठी मागच्या चित्रांचे अंश नव्या चित्रात मिसळतात, त्याचीही सावली पडते. ती ओळखायला हलत्या दृश्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. पॅनेलचा दोष स्क्रीनशॉटमध्ये कधीच उतरत नाही. सावली तिथेही दिसली तर बदल मॉनिटरमध्ये नव्हे, गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये करायचा असतो.