प्रकल्पाच्या आकारमानानुसार दस्तऐवजीकरण

प्रकल्पाच्या आकारमानानुसार दस्तऐवजीकरण म्हणजे एखादे काम किती मोठे, किती जणांचे व किती जोखमीचे आहे हे पाहून त्यासाठी कोणते आराखडे, नोंदी व मंजुऱ्या आवश्यक आहेत हे ठरवणे. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या ‘प्रिन्स-२’ या प्रकल्प व्यवस्थापन पद्धतीच्या सात तत्त्वांपैकी हे एक तत्त्व आहे.

निकष

खर्च हा सर्वात सोपा निकष असला तरी तो पुरेसा नाही. चार जणांच्या गटात परस्परांशी बोलणाऱ्या जोड्या सहाच होतात. चाळीस जणांत त्या ७८० होतात. पहिल्या गटाचे तोंडी सांगण्यावर भागते, दुसऱ्याचे भागत नाही. संगणकतज्ज्ञ ॲलिस्टर कॉकबर्न यांनी आपल्या ‘क्रिस्टल’ पद्धतींत गटाच्या आकाराबरोबर दुसरा निकष धरला, तो म्हणजे चूक झाल्यास होणारी हानी. ही हानी केवळ गैरसोयीची असू शकते, सोसण्याजोग्या वा न सोसण्याजोग्या पैशाची असू शकते, किंवा जीविताची. बांधकामात यात तिसरा निकष मिळवावा लागतो: काम करणारी माणसे निघून गेल्यावर ते बांधकाम किती वर्षे उभे राहणार आहे.

चंदगड तालुक्यातील कामे

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या चंदगड तालुक्यात पाऊस भरपूर पडतो, परंतु सह्याद्रीच्या उतारावरून पाणी लवकर वाहून जाते. अशा प्रदेशात पावसाळा संपताच ओढ्यावर मातीने भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा घालता येतो. समजा, ओढ्याचे पात्र १० मीटर रुंद आहे आणि बंधारा १ मीटर उंच, तळाशी १.८ मीटर व माथ्यावर ०.६ मीटर रुंद घ्यायचा आहे. सरासरी रुंदी १.२ मीटर धरल्यास भराव १२ घनमीटर होतो. सिमेंटच्या एका रिकाम्या पोत्यात सुमारे ०.०३ घनमीटर माती मावते, म्हणजे साधारण ४०० पोती लागतात.

या कामाला एक पान पुरते. त्यावर जागा, लगतच्या शेतमालकांची संमती, वरील मोजमाप, पोती कोण आणणार आणि पावसाळ्यापूर्वी ती कोण काढणार, एवढे असावे. शेवटची नोंद बहुधा राहून जाते. मग पहिल्याच पुरात पोती वाहून खालच्या मोरीत अडकतात व पाणी शेतात शिरते. साप्ताहिक अहवाल किंवा जोखीम नोंदवही येथे निरुपयोगी आहे. मात्र सार्वजनिक निधी वापरला असेल, तर काम कितीही लहान असले तरी मोजमाप पुस्तिका व खर्चाची प्रमाणके टाळता येत नाहीत, कारण ती लेखापरीक्षणासाठी असतात.

याच तालुक्यात जंगमहट्टी येथे मध्यम पाटबंधारे प्रकल्पाचे धरण आहे. लागवडीयोग्य लाभक्षेत्र २,००० ते १०,००० हेक्टर असलेला प्रकल्प ‘मध्यम’ गणला जातो. अशा कामात काही गोष्टींची नोंद करण्याची संधी एकदाच मिळते. पायाचा खडक भरावाखाली गेला की पुन्हा दिसत नाही, म्हणून त्याचा नकाशा व छायाचित्रे त्याच दिवशी घ्यावी लागतात. मातीच्या धरणात प्रत्येक थराची घनता व ओलावा पुढचा थर टाकण्यापूर्वी तपासून लिहावा लागतो.

पुढे धरणातून झिरपणारे पाणी मोजले जाते, तेव्हा आधीच्या नोंदींचा उपयोग कळतो. आजचा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. जलाशयाची पातळी गेल्या वर्षीइतकीच असून झिरपा वाढला असेल, किंवा ते पाणी गढूळ येत असेल, तर आतील माती वाहून जात असल्याची शंका घ्यावी लागते. जुनी वही हरवली असेल, तर ही तुलनाच करता येत नाही.

लहान परंतु जोखमीची कामे

आकार आणि जोखीम यांची गल्लत झाल्यास काय होते, याचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण आहे. पाटबंधारे वर्गीकरणात लघु असलेले हे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री मुसळधार पावसात फुटले व खालची वस्ती वाहून गेली. ग्रामस्थांनी गळतीची तक्रार आधीच केल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. अशा ठिकाणी तक्रार कोणी नोंदवली, पाहणी कोणी केली व दुरुस्तीचा निर्णय कोणाकडे होता, हे सांगणारा कागद लाभक्षेत्राच्या हेक्टरांवरून ठरवता येत नाही.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ यात म्हणूनच लाभक्षेत्र नव्हे, तर उंची हा मुख्य निकष आहे. १५ मीटरहून उंच सर्व धरणे त्याच्या कक्षेत येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठवण, पूरविसर्ग, पायाची अडचण किंवा असाधारण रचना यांपैकी एखादी अट लागू झाल्यास येतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी आणि आपत्कालीन कृती आराखडा या धरणांना बंधनकारक आहे.

अपुऱ्या व अतिरिक्त नोंदींची लक्षणे

तोच प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून पुन:पुन्हा विचारला जात असेल, किंवा एक व्यक्ती रजेवर गेल्याने काम थांबत असेल, तर नोंदी अपुऱ्या आहेत असे समजावे. नोंदी अतिरिक्त झाल्याचे ओळखणे त्याहून सोपे आहे: वर्षभराच्या नोंदवहीतील सर्व रकाने एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले दिसतात.